लेकीचा फोन आणि घराची झोप

परदेशी शिकायला किंवा कामाला गेलेले मूल आता आपल्या वस्त्यांत नवलाईचे राहिलेले नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेली मुले आहेत, आखातात वायरमन, ड्रायव्हर म्हणून गेलेले बाप आहेत, नर्स म्हणून गेलेल्या सुना आहेत. त्यांच्याशी बोलायला आज मोबाईल पुरतो. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा घरची खबर बोटीने येणाऱ्या पत्रातून मिळे आणि त्याला आठवडे लागत. आता चेहरा दिसतो, आवाज येतो, फक्त तो रात्री साडेबाराला येतो. या वेळी त्या साडेबाराच्या फोनबद्दल लिहितो आहोत.

विहारातील रक्तदाब तपासणीत एक बाई खुर्चीवर बसल्या बसल्याच डुलक्या घेऊ लागल्या, म्हणून आम्ही त्यांना बाजूला घेऊन विचारपूस केली. त्यांचे नाव येथे देत नाही. घर दहा बाय बाराचे. नवरा महापालिकेच्या सफाई खात्यात, हजेरी सकाळी साडेसहाला. बाई दोन घरची कामे करतात, एक सकाळी आणि एक दुपारी चार ते सहा. मुलगा दहावीत, शाळा सकाळची. सासूबाईंना बीपी आणि साखर. नळाला पाणी पाच वाजता येते, तेव्हा घर पाचला उठतेच, त्यात मागेपुढे नाही. मोठी मुलगी सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये लीड्सला एम. ए. करते आहे.

मुलगी आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी दुकानात काम करते. उरलेल्या चार दिवशी खोलीवर येऊन, चहा करून, सातला घरी फोन लावते. ऑक्टोबरमध्ये तिचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. घरचे जागायचे, थोडे ओढून न्यायचे. नोव्हेंबरपासून मात्र फोन साडेबाराला येऊ लागला. आईला वाटले, पोरगी उशीर करायला लागली, कुठे फिरत असेल. मुलीला वाटले, घरचे आता नीट बोलत नाहीत, जांभया देतात. दोघीही मनातून थोड्या दुखावल्या होत्या. प्रत्यक्षात मुलगी रोज सातलाच फोन लावत होती. बदलले होते ते तिथले घड्याळ.

इंग्लंडमध्ये वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. आपले घड्याळ वर्षभर तेच. म्हणून उन्हाळ्यात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेपाच तास. ही गोष्ट घरात कोणी सांगत नाही, मोबाईल आपोआप वेळ बदलतो आणि आपल्याला फक्त एवढे दिसते की फोन आणखी उशिरा येतो आहे.

त्या एका तासाने काय केले ते पाहू. नवरा सव्वादहाला झोपे. साडेबाराला फोन वाजला की उठून बसे. पन्नास मिनिटे बोलणे, मग ट्यूबलाइट बंद, पण डोळा लागायला दोन वाजत. पाचला नळ. म्हणजे सव्वादोन तास आधी आणि तीन तास नंतर, असे दोन तुकडे. बाई तर फोनची वाट पाहत जाग्याच राहत, त्यांना मिळत फक्त दोन ते पाच. आठवड्यात अशा चार रात्री. उरलेल्या तीन रात्री त्या साधारण साडेसहा तास झोपत. बारा आणि साडेएकोणीस मिळून साडेएकतीस तास, सातांत वाटले तर रोजचे साडेचार. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते, दहावीच्या वयाच्या मुलाला आठ ते दहा. दहा बाय बाराच्या खोलीत फोन एकाला येतो आणि झोप चौघांची मोडते. स्वतंत्र खोल्या असलेल्या घरांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात हा हिशेब कधी धरलेला नसतो.

मधेच मोडलेली झोप पुढे लगेच का लागत नाही, हे समजून घेतले पाहिजे. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे दिवसभर जागल्याने साचत जाणारा झोपेचा भार. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ. ते उजेड आणि अंधार पाहून चालते आणि रात्र झाली की शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढवते. नवऱ्याने पहिले दोन तास झोप घेतली की साचलेला भार बराच उतरतो, कारण गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातच येते. त्यानंतर उजेड लागला, पडद्याचा प्रकाश डोळ्यात गेला आणि लेकीच्या काळजीने मन हलले, तर पुन्हा झोपायला भार कमी आणि मेंदू सावध. म्हणून माणूस फोन ठेवून कूस बदलत राहतो आणि म्हणतो, ‘थकलोय तरी झोप येत नाही.’ फोन पन्नास मिनिटांचा असला तरी त्याने दीड तास घेतलेला असतो.

यात फसवी गोष्ट अशी की काही दिवसांनी अंगवळणी पडल्यासारखे वाटते. रोज सहा तास झोप देऊन दोन आठवडे माणसांची तपासणी केलेली आहे. त्यांचे लक्ष आणि हाताची चपळाई रोज घसरत गेली, पण ‘मला फारशी झोप येत नाही’ असे ती माणसे सांगत राहिली. म्हणून सवय झाली म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गाडीच्या मागे उभा राहून कचरा उचलणाऱ्या, भर रस्त्यात झाडू मारणाऱ्या माणसाला अर्ध्या क्षणाची डुलकी महाग पडते. आजीचेही तसेच. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के खाली येतो, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. झोप मोडत राहिली की ती विश्रांती कमी होते. बीपी आणि साखर असलेल्या माणसाच्या अंथरुणाशेजारी रात्री मोठ्याने बोलणे हे केवळ गैरसोयीचे नाही.

आता दुसरी बाजू. मुलीला विचारले तेव्हा कळले की तीही नीट झोपत नव्हती. आई कामावर निघण्याआधी सव्वासातला ‘उठली का बघू’ म्हणून फोन लावी. हिवाळ्यात तेव्हा लीड्सला पावणेदोन वाजलेले असतात. मुलगी दचकून उठे, आजीचे काही झाले का या भीतीने उचले आणि ‘काही नाही गं, सहज’ ऐकून तासभर जागी राही. मग सकाळच्या तासाला पेंग. तिने हे आईला सांगितले नव्हते, आईने आपले सांगितले नव्हते. एकमेकींना त्रास नको म्हणून दोघी गप्प.

आम्ही त्यांच्यासोबत बसून कागदावर दोन पट्ट्या काढल्या. एका वहीच्या पानावर वर घरचे चोवीस तास आणि त्याखाली साडेपाच तास मागे सरकवून लीड्सचे. वरच्या पट्टीवर घरची झोप रंगवली, रात्री दहा ते सकाळी पाच. खालच्या पट्टीवर मुलीची, रात्री साडेअकरा ते सकाळी सात. तिचे साडेअकरा म्हणजे आपले पहाटेचे पाच! नळाला पाणी येते तेव्हा तिकडे ती अंथरुणाला पाठ टेकते. हे पाहून बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे आम्ही पाळी लावल्यासारखे झोपतो.’

दोन्ही पट्ट्यांवर रंग नसलेला भाग आपल्या दुपारी साडेबारापासून रात्री दहापर्यंत आला. त्यातून झोपेआधीचा एक तास काढून टाकला, कारण फोन ठेवल्यावर मन शांत व्हायला तेवढा वेळ हवा. मुलीला उठल्यावर अर्धा तास दिला. राहिले आपले दुपारी एक ते रात्री नऊ, तिचे सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन. म्हणजे हिवाळ्यात तिच्या संध्याकाळी बोलण्याची जागाच नाही, तिची संध्याकाळ ही आपली रात्र आहे. बोलायचे तर तिच्या सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीत. एवढे एक ध्यानात आले की निम्मे काम होते.

मग प्रत्येकाचे काम त्यावर टाकले. दुपारी बाई घरी, पण मुलगा शिकवणीला. सहानंतर सगळे घरी. साडेसहाला मुलीकडे दुपारचा एक, जेवणाची सुट्टी. तर मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते सात, एवढी वारातली वेळ ठरली. भाजी फोडणीला टाकता टाकता बोलणे होते आणि मुलगीही डबा खाते, आई पाहते की पोरीने खाल्ले. रविवारी दुपारी चार ते पाच, तिचे सकाळचे साडेदहा, हा मोठा फोन. त्या दिवशी आईचे दुपारचे काम नसते आणि सहाला विहारात वंदनेला जायचे असते, त्यामुळे फोन आपोआप संपतो. शेवट ठरलेला नसेल तर फोन लांबतो, हा आमचा सगळ्या घरांतला अनुभव आहे. पुढे कुठेतरी जायचे असेल अशी वेळ निवडावी.

मार्चनंतर काय? तेव्हा एक तासाने गणित बदलणार. रविवारचा फोन आपल्या चारलाच ठेवला, तिच्याकडे तेव्हा साडेअकरा असतील. वारातला फोन आपल्या सहाला, तिचा दीड. हे दोन्ही ऋतूंचे एका पुठ्ठ्यावर लिहून फळीच्या वर चिकटवले आणि कॅलेंडरवर दोन्ही रविवारांवर लाल खूण केली. मोबाईल स्वतःची वेळ बदलतो, पुठ्ठा बदलत नाही, म्हणून दोन्ही वेळा आधीच लिहिलेल्या बऱ्या.

हे सोपे गेले असे कोणी समजू नये. पहिल्याच दिवशी वडील चिडले. ‘पोटच्या पोरीशी बोलायला आता टाइमटेबल?’ त्यांचे म्हणणे आम्हाला खोटे वाटले नाही. ज्या घरातली पहिली मुलगी पदवीपुढे गेली, समुद्रापार गेली, त्या घराला तिचा आवाज रोज हवा असतो. आणि मुलीचेही पाहा. डिसेंबरात लीड्सला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. संध्याकाळी सातला ती एकटी अंधारात बसलेली असते, म्हणूनच तिचा हात फोनकडे जातो. ती वेळ काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर ठरवलेले आठवडाभरही टिकत नाही.

म्हणून त्या सातच्या वेळी तिने बोलून पाठवायचे असे ठरले. व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप, दोन-तीन मिनिटांचा. आज काय झाले, सर काय म्हणाले, काय शिजवले. घरी नोटिफिकेशनचा आवाज बंद असतो. आई तो निरोप पहाटे पाण्याच्या रांगेत ऐकते आणि तिथेच उभ्याने उत्तर बोलते. मुलीला ते सकाळी उठल्यावर मिळते. आमच्या मते फोनच्या वेळा कमी करताना ही एक सोय नसेल तर बाकी सगळे कागदावर राहील. बाई आता सांगतात की रांगेतल्या शेजारणीही विचारतात, ‘आज काय म्हणते गं लेक?’

दुकानातल्या कामाचे दिवस अवघड होते. ती रात्री दहाला खोलीवर पोहोचते, आपले पहाटेचे साडेतीन. ‘पोहोचले’ हा शब्द पाहायला आई मधेच उठत असे. आता ठरले आहे ते असे. मुलगी पोहोचताच एक शब्द लिहिते, आई पाचला उठल्यावर तो पाहते. नसेल, तर तिकडे साडेअकराच वाजलेले असतात, तेव्हा लगेच मुलीला फोन, नंतर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला. मैत्रिणीचा नंबर पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे. पहिले चार दिवस आई तरीही साडेतीनला आपोआप उठल्या. दुसऱ्या आठवड्यात नाही उठल्या.

अडचणीच्या फोनचा नियम वेगळा लागतो, नाहीतर भीतीने कोणीच आवाज बंद करत नाही. रात्री इंटरनेटवरून आलेला फोन वाजणार नाही, साधा फोन मात्र वाजेल, असे दोन्हीकडे ठेवा. म्हणजे साधा फोन वाजला की समजावे, खरेच काही आहे. मुलीने घरी साधा फोन केला तर तिच्याकडे पैसे कापले जातात, म्हणून तो उगाच होत नाही, हाही एक लगाम. आपल्याकडून परदेशी साधा फोन लागतो का, रिचार्जमध्ये ती सोय आहे का, हे दिवसा एकदा लावून पाहून ठेवा. रात्री दवाखान्याच्या दारात उभे राहून ते शोधायची वेळ येऊ नये. मृत्यू, अपघात, दवाखान्यात भरती, पोलीस, एवढ्यासाठीच हा फोन. आत्याच्या सुनेचे भांडण सकाळपर्यंत थांबू शकते.

भांडणावरून आठवले. काय बोलायचे यालाही वेळ असते. पैशाची ओढाताण, भाडे, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, लग्नाचे स्थळ, असल्या गोष्टी मंगळवारच्या अर्ध्या तासात काढू नका, तिला लगेच तासाला जायचे असते. त्या रविवारी काढा, दिवसाढवळ्या, सगळे बसलेले असताना. आणि काका, मावशी, शेजारचा दादा, हे सगळे आपापल्या सोयीने तिला फोन लावत असतील तर घरच्यांनी वेळा पाळून काही उपयोग नाही. या घरात मावशीच पहिली मोडणारी निघाली. मग आईने तिला रविवारी चारला घरीच बोलावायला सुरुवात केली.

एखाद्या रात्री मोडेलच. भीमजयंतीला, १३ एप्रिलच्या रात्री बाराला विहारासमोर सगळी वस्ती जमते, तेव्हा लीड्सला संध्याकाळचे साडेसात असतात. त्या वेळी तिला फोनवर दाखवायचेच, असे आधीच ठरले आहे आणि आम्हीही त्याला नको म्हणणार नाही. अशा रात्रीनंतर सकाळी उशिरापर्यंत लोळू नये, नेहमीच्या वेळी उठावे आणि दुपारी तीनच्या आत वीस ते तीस मिनिटांची झोप घ्यावी. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर डोके जड होते आणि रात्रीची झोप पुढे सरकते. चहाचेही लक्षात ठेवा. चहातले उत्तेजक द्रव्य निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणून झोप घालवायला संध्याकाळी घेतलेला चहा रात्रीही आपले काम करत राहतो.

ठरवलेले चालते आहे की नाही ते कॅलेंडरवर कळते. रोज तारखेच्या चौकोनात तीनच आकडे लिहायचे, दिवा किती वाजता बंद, किती वाजता उठलो, मधे किती वेळा जाग आली. या बाईंचे चार आठवड्यांनंतरचे आकडे दहा, पाच आणि बहुतेक रात्री शून्य किंवा एक असे होते. पावणेसात तास झोप आणि दुपारची डुलकी. सात तास पुरे होत नाहीत, पण पाचचा नळ कोणी सहाला सोडणार नाही, तोवर एवढेच. मुलगा आता साडेनऊला आडवा होतो. त्याला एवढेही पुरत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला उठवत नाहीत.

वेळा पाळून, सात तास झोपूनही दिवसा झोप आवरत नसेल, किंवा झोपेत मोठे घोरणे आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होत असेल, तर फोनला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोपच लागत नाही आणि असे तीन महिने चालले, तरीही दाखवा. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी आणू नका, आजीची बीपीची गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलांनी व्हिसाच्या वेळी तिथल्या आरोग्यसेवेचे पैसे भरलेलेच असतात, तेव्हा राहत्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवून ठेवावे. सतत रडू येणे, खोलीबाहेर पडू न वाटणे, हे फोन लांबवून बरे होत नाही, तिथल्या डॉक्टरला आणि विद्यापीठाच्या समुपदेशकाला सांगावे लागते.

इतर देशांचे गणित थोडक्यात. अमेरिकेत न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे आपली सकाळ ही त्यांची संध्याकाळ. तिथल्या मुलांशी सकाळी सात-आठला बोलावे, रात्री जागायचे कारणच नाही. तिथेही घड्याळ बदलते, पण मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आखातात घड्याळ बदलत नाही. दुबई आपल्या दीड तास मागे, सौदी, कतार, कुवेत अडीच तास. अंतर कमी, तरी तिथला माणूस पाळी संपवून रात्री दहाला फोन करतो आणि इकडे साडेअकरा किंवा साडेबारा वाजतात. त्या घरांनी पाळीचा महिन्याचा तक्ता फोटो काढून मागवावा आणि त्यावरून वेळ ठरवावी.

आपल्या घरच्या दोन पट्ट्या काढायला जमत नसेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात वही आणि परदेशातल्या माणसाच्या कामाच्या वेळा घेऊन या. आम्ही पट्ट्या मांडून देऊ. येताना ज्यांचा फोन रात्री सगळ्यात उशिरा येतो, त्यांनाही विचारून या, त्यांची झोप कधीची.